साडेसात की दहा? गिरणीच्या परवान्याचे नूतनीकरण

परवाना विभागातल्या मॅडमनी माझ्या अर्जाला जोडलेलं वीजबिल पुढे ओढलं, पेन्सिलीने एका आकड्याभोवती गोल केला, मग जुन्या परवान्याच्या झेरॉक्सवर दुसरा गोल केला आणि दोन्ही कागद माझ्याकडे वळवले. "ताई, बिलात मंजूर भार दहा अश्वशक्ती आहे. परवान्यात साडेसात. तुम्ही मोटर बदललीत का?"

मोटर आम्ही बदलली नव्हती. 2011 साली गिरणी सुरू झाली तेव्हाची तीच मोटर, तेच जातं. जात्याच्या दगडांना मात्र अधूनमधून टाकीवाल्याकडून टाकी लावून घेतो, एवढंच. गेली कित्येक वर्षं हे वीजबिल आणि हा परवाना अर्जासोबत एकमेकांना चिकटून जात होते आणि त्यांतली तफावत ना आमच्या लक्षात आली होती, ना ऑफिसात कुणाच्या. मॅडम म्हणाल्या ते खरं होतं. पण त्याचं उत्तर त्या क्षणी माझ्याकडे नव्हतं.

मी पिठाची गिरणी चालवते. गिरणी मूळची सासऱ्यांची, म्हणजे नानांची. 2019 मध्ये त्यांचे गुडघे दुखायला लागल्यावर परवाना हस्तांतरित होऊन माझ्या नावावर आला. महानगरपालिकेच्या हद्दीत जीवाला, आरोग्याला किंवा मालमत्तेला धोका पोचू शकेल किंवा शेजाऱ्यांना उपद्रव होईल अशा व्यवसायांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 376 खाली परवाना लागतो. यंत्रावर चालणाऱ्या कामासाठी कलम 313 चीही परवानगी लागते. गिरणीत आवाज आहे, पिठाची धूळ आहे, पट्टा आहे, मोटर आहे. दुकानांच्या कायद्याखालची नोंदणी, जिला आपण शॉप ॲक्ट किंवा गुमास्ता म्हणतो, ती वेगळी. माझ्या पुतण्याला वाटत होतं की शॉप ॲक्टचा कागद आहे म्हणजे झालं. नाही. तो कागद कामगारांचे तास, सुट्ट्या यांच्याशी संबंधित आहे. जागेवर काय चालतं आणि किती ताकदीचं यंत्र चालतं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आमच्याकडे परवान्याची मुदत 31 मार्चला संपते. आदल्या वर्षी मी अर्ज वेळेत दिला होता, तरीही विलंब शुल्क भरावं लागलं. अर्जाच्या विषयात मी फक्त "पिठाच्या गिरणीच्या परवान्याचे नूतनीकरण होणेबाबत" आणि गिरणीचं नाव लिहिलं होतं. आमच्याच प्रभागात त्याच नावाची आणखी एक गिरणी आहे, माझा अर्ज त्यांच्या फायलीत गेला. मे महिन्यात चौकशीला गेले तर "तुमचा अर्ज आलाच नाही" असं सांगितलं. माझ्याकडे अर्जाची प्रत होती, पण तिच्यावर आवक शिक्का नव्हता. खिडकीवरच्या माणसाने "ठेवा, देतो" म्हटलं आणि मी विश्वास ठेवून निघाले होते. कागद माझाच होता, तारीखही मीच घातलेली. तो कधी दिला हे सिद्ध करायला काहीच नव्हतं. दंड भरला. त्या दिवशी परत येताना मला खूप वाईट वाटलं, कारण चूक कुठे झाली ते मला स्वच्छ दिसत होतं: अर्ज वाचणाऱ्याला तो कोणत्या परवान्याचा आहे हे कळण्याजोगं मी काही लिहिलंच नव्हतं.

म्हणून 2024 च्या जानेवारीतच मी भिंतीवरची चौकट खाली उतरवली.

परवाना दर्शनी भागात लावायचा असतो, म्हणून तो काचेत होता. मागचा पुठ्ठा काढला आणि पहिल्यांदा परवान्याची मागची बाजू नीट पाहिली. पुढे नाव, पत्ता, व्यवसायाचा प्रकार, क्षेत्रफळ, अश्वशक्ती, परवाना क्रमांक. मागे बारीक अक्षरात अटी आणि त्यांच्याखाली नूतनीकरणाच्या नोंदींसाठी रकाने: वर्ष, पावती क्रमांक, दिनांक, सही. आम्ही आजवर फक्त पुढच्या बाजूची झेरॉक्स जोडत आलो होतो. कोणत्या वर्षापर्यंत नूतनीकरण झालं आहे, हे तर मागच्याच बाजूला लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट क्रमांकाची. नानांच्या वेळचा परवाना रजिस्टरातला, त्याचा क्रमांक 412/2011. हस्तांतरानंतर माझ्या नावाचा जो कागद मिळाला त्याच्यावर तोच क्रमांक होता, पुढे "हस्तांतरित" असा शिक्का. नंतर सगळं संगणकावर गेलं आणि पावत्यांवर एक वेगळाच लांबलचक क्रमांक यायला लागला. मी गेल्या वर्षीची पावती आणि परवाना शेजारी ठेवले तर कोणालाही ते दोन वेगळ्या गिरण्यांचे कागद वाटले असते. दोन्ही क्रमांक खरेच होते. एक क्रमांक रजिस्टरात शोधायला लागतो, दुसरा संगणकावर. अर्जात एकच दिला की ज्याच्या हातात अर्ज पडेल त्याला अर्धीच वाट सापडते.

अर्ज मी हातानेच लिहिला, चार वेळा. शेवटचा असा होता:

प्रति, मा. परवाना अधिकारी, परवाना विभाग. विषय: पिठाची गिरणी, परवाना क्र. 412/2011, याचे सन 2024-25 करिता नूतनीकरण होणेबाबत. संदर्भ: 1) मूळ परवाना क्र. 412/2011. 2) हस्तांतरण आदेश, सन 2019, आदेशाची प्रत सोबत. 3) संगणकीय परवाना क्रमांक, पावतीवर आहे तसा. 4) सन 2023-24 च्या नूतनीकरणाची पावती, क्रमांक व दिनांकासह.

महोदय, वरील संदर्भ 1 चा परवाना माझे सासरे यांच्या नावे देण्यात आला होता व संदर्भ 2 अन्वये तो माझ्या नावे हस्तांतरित झाला आहे. संदर्भ 1 व 3 मधील क्रमांक एकाच परवान्याचे आहेत. सदर परवान्याची मुदत दि. 31 मार्च 2024 रोजी संपत आहे. जागा, क्षेत्रफळ, व्यवसायाचा प्रकार व यंत्राची अश्वशक्ती यांत परवान्यातील नोंदीनुसार कोणताही बदल झालेला नाही. तरी सन 2024-25 करिता नूतनीकरण करून मिळावे, ही विनंती.

"कोणताही बदल झालेला नाही" हे वाक्य मी पूर्ण भरवशाने लिहिलं. पुढे तेच अडलं.

सोबतच्या कागदांची यादी अर्जाच्या खाली लिहिली आणि प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात तोच क्रमांक टाकला. परवान्याच्या दोन्ही बाजूंची प्रत, मागच्या वर्षीची पावती, हस्तांतरण आदेश, जागेचा भाडेकरार, जागामालकांचं संमतीपत्र, मालमत्ता कराची चालू वर्षाची पावती, वीजबिल, माझं ओळखपत्र. त्यांतल्या मालमत्ता कराच्या पावतीने मला दोन आठवडे थांबवलं. कर जागामालक भरतात आणि त्यांचा दुसरा हप्ता राहिला होता. थकबाकी असलेल्या मिळकतीतल्या व्यवसायाचं नूतनीकरण अडतं, हे त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी भरला. भाड्याच्या जागेत असाल तर हा कागद सगळ्यांत आधी हाताळावा असं माझं मत आहे, कारण बाकीचे कागद आपल्या कपाटात असतात आणि हा दुसऱ्याच्या.

12 फेब्रुवारीला, सोमवारी, अर्ज दिला. दोन प्रती नेल्या होत्या. आवक खिडकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक माझ्या प्रतीवर पडेपर्यंत मी तिथून हलले नाही. खिडकीवरच्या दादांना सोबतच्या कागदांची संख्याही शिक्क्याशेजारी लिहायला सांगितली. "सोबत 8" असं त्यांनी लिहून दिलं. कुणाला हे किरकोळ वाटेल, पण नंतर एखादा कागद फायलीत नसला तर तो दिला होता याचा पुरावा म्हणजे तो एक आकडा.

आठ-दहा दिवसांनी विभागातून फोन आला आणि मी त्या पेन्सिलीच्या दोन गोलांसमोर उभी राहिले.

मॅडम नव्याने त्या टेबलावर आल्या होत्या. त्यांनी मला नीट समजावलं. नूतनीकरण म्हणजे आहे तो परवाना आहे तसा पुढच्या वर्षासाठी चालू ठेवणं. क्षेत्रफळ वाढलं, मालक बदलला, यंत्र मोठं केलं, तर ते नूतनीकरणात बसत नाही, त्याला फेरबदलाचा वेगळा अर्ज आणि वेगळी छाननी. आमच्याकडे शुल्कही अश्वशक्तीवर ठरतं, त्यामुळे हा आकडा नुसता शोभेचा नाही. "तुम्ही लिहिलंय बदल नाही, आणि तुमचाच कागद म्हणतोय बदल आहे. मी सही कशावर घेऊ?" मला त्यांचा राग आला नाही. असं विचारणारं कुणीतरी आधीच भेटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी जागा पाहणी लावली. 5 मार्चला परवाना निरीक्षक गिरणीवर आले. दुपारची वेळ, दळणाचे डबे ओळीने लागलेले. मी पट्टा थांबवला, मेन स्विच बंद केला. मोटरच्या अंगावर पत्र्याची एक छोटी पाटी असते, तिच्यावर तिची सगळी माहिती कोरलेली असते. आमच्या पाटीवर पिठाचा थर घट्ट बसला होता, आणि त्याखाली मोटर एकदा रिवाइंडिंगला दिली होती तेव्हा कारागिराने मारलेला निळा रंग. निरीक्षकांनी बॅटरी मारली. एक आकडा लगेच दिसला: 7.5. मी सुटकेचा श्वास सोडला. "बघा साहेब, साडेसातच आहे."

ते काही बोलले नाहीत. रॉकेलचा बोळा मागितला आणि पाटी पुसत राहिले. निळा रंग थोडाथोडा सुटला. 7.5 च्या वर किलोवॅट लिहिलेलं होतं. त्याच्या शेजारच्या चौकोनात, जिथे रंग सगळ्यांत जाड होता, अश्वशक्ती आणि खाली 10.

"साडेसात किलोवॅट म्हणजे दहा अश्वशक्ती, ताई," ते म्हणाले. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. साडेसात किलोवॅटचे साडेसात हजार वॅट, त्याला 746 ने भागलं की दहाच्या किंचित वर. खऱ्या साडेसात अश्वशक्तीच्या मोटरच्या पाटीवर साडेपाच किलोवॅट लिहिलेलं असतं. घोटाळा नेमका या आकाराच्या मोटरीत होतो, कारण 7.5 हा आकडा दोन्हीकडे येतो: एकीकडे किलोवॅट म्हणून, दुसरीकडे अश्वशक्ती म्हणून. त्यांनी आधीही अशी दोन-तीन प्रकरणं पाहिली होती म्हणे.

मोटर तीच होती तर. चूक परवान्यावरच्या आकड्यात होती, आणि ती पहिल्या दिवसापासून होती.

संध्याकाळी नानांना विचारलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अर्ज मी भरलाच नव्हता गं. ऑफिसबाहेर एक टायपिंगवाला बसायचा, त्याने विचारलं मोटर कितीची, मी पाटीवर बघून साडेसात सांगितलं." त्यांनी वाचलेला आकडा बरोबर होता, एकक चुकलं. वीज जोडणीच्या वेळी मात्र वायरमनने स्वतः पाहून दहा अश्वशक्ती भरली होती. एकाच महिन्यात एकाच मोटरीचे दोन आकडे दोन ऑफिसांत गेले आणि तेरा वर्षं तसेच राहिले. नानांनी त्यांची पत्र्याची पेटी उघडायला लावली. तळाशी, बियाण्याच्या पिशवीत गुंडाळलेलं, मोटर खरेदीचं 2011 चं बिल सापडलं. त्याच्यावर मोटरचा अनुक्रमांक होता आणि स्पष्ट "10 अश्वशक्ती".

हे बिल सापडणं महत्त्वाचं होतं. नुसत्या वीजबिलावरून एवढंच कळतं की आज दहाचा भार मंजूर आहे. मोटर कधीपासून दहाची आहे ते कळत नाही. खरेदीच्या बिलावरचा अनुक्रमांक आणि पाटीवरचा अनुक्रमांक जुळला, तेव्हाच हे सिद्ध झालं की आम्ही परवानगीशिवाय यंत्र वाढवलेलं नाही. फेरबदल आणि दुरुस्ती यांतला फरक त्या एका क्रमांकावर ठरला.

मॅडमच्या सल्ल्याने मी दोन कागद दिले. पहिला, आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक आणि 12 फेब्रुवारी ही तारीख देऊन लिहिलेला खुलासा: "माझ्या अर्जात अश्वशक्तीत बदल नाही असे नमूद केले होते. यंत्र मूळचेच असून त्यात बदल नाही. तथापि मूळ परवान्यात किलोवॅटचा आकडा अश्वशक्ती म्हणून नोंदला गेल्याचे जागा पाहणीत निदर्शनास आले आहे." दुसरा, नोंदीत दुरुस्ती करण्याचा स्वतंत्र अर्ज, सोबत खरेदी बिलाची प्रत, पाटीचा फोटो आणि वीजबिल. पहिला अर्ज मागे घेऊन नवा द्यावा का, असं मी विचारलं होतं. मॅडम लगेच नाही म्हणाल्या. मागे घेतला असता तर 12 फेब्रुवारी ही तारीख हातातून गेली असती आणि मार्चच्या अखेरीस मी पुन्हा रांगेच्या शेवटी उभी राहिले असते.

त्या तारखेचं मोल एप्रिलमध्ये कळलं. 31 मार्च उलटला, नवा परवाना हातात नव्हता. माझ्या पोटात गोळा आला होता. उद्या कुणी तपासणीला आलं आणि मुदत संपलेला परवाना भिंतीवर पाहिला तर? निरीक्षकांनीच सांगितलं की अधिनियमाच्या कलम 386 मध्ये यासाठी तरतूद आहे. मुदत संपली की माणूस विनापरवाना धरला जातो, हे खरं. पण ठरलेल्या तारखेच्या आत नूतनीकरणाचा अर्ज केलेला असेल तर त्यावर आदेश मिळेपर्यंत परवाना नूतनीकृत आहे असं समजून व्यवसाय करता येतो. मी आवक शिक्क्याची प्रत चौकटीशेजारी लावली. आदल्या वर्षी हाच शिक्का माझ्याकडे नव्हता, त्यामुळे ती तरतूद असूनही माझ्या उपयोगाची नव्हती.

उशीर फार झाला असता तर लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अपील करायचं असंही मी ठरवलं होतं. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज नाकारला तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. गरज पडली नाही. शुल्कातला फरक चालू वर्षापासून लावला, जुन्या वर्षांची वसुली काढली नाही, कारण फायलीत खरेदी बिल आणि निरीक्षकांचा अहवाल दोन्ही होते. मला शुल्क जास्त भरावं लागणार हे उघड होतं, पण मोटर दहाची आहे तर दहाचंच भरायला हवं.

22 एप्रिलला परवाना तयार असल्याचं कळलं. मी गिरणी तासभर बंद ठेवून गेले. हातात घेतला आणि तिथेच बाकावर बसून जुन्या परवान्याशी ओळ-ओळ ताडून पाहिला. नाव बरोबर. पत्ता बरोबर. क्षेत्रफळ बरोबर. अश्वशक्ती 10. संगणकीय क्रमांक होता, पण जुना 412/2011 कुठेच नव्हता. पुन्हा टेबलाशी गेले. मॅडमनी स्क्रीनवर बघितलं, म्हणाल्या, "छापण्यात तो रकाना येत नाही ताई, पण शेऱ्यात टाकता येतो." त्यांनी शेऱ्यात "जुना परवाना क्र. 412/2011" घातलं, पुन्हा छापून सही आणली. त्यात आणखी पाऊण तास गेला, आणि तो मी आनंदाने दिला.

घरी आल्यावर आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढले, दोन्ही बाजूंच्या पाच झेरॉक्स काढल्या, मोटरचं बिल त्यांच्याबरोबर एका फायलीत लावलं. नानांनी परवाना डोळ्यांजवळ धरून अश्वशक्तीचा आकडा वाचला आणि चौकटीत स्वतःच्या हाताने बसवला. मोटरच्या पाटीवरचा निळा रंग मी उरलेला खरवडून काढला आहे. आता दर अमावास्येला गिरणी झाडताना ती पाटीही पुसते.